लांब केस आणि तुंबणारी मोरी : हेअर ट्रॅप निवडताना काय मोजावे

प्रश्न : आमच्या बाथरूममधली शॉवरखालची मोरी दर तीन-चार आठवड्यांनी तुंबते. घरात दोघींचे केस कमरेपर्यंत लांब आहेत. अगदी बारीक जाळी आणून बसवली, तर आंघोळ संपेपर्यंत पाणी घोट्याशी येते. ती काढली, की महिन्याभरात पुन्हा प्लंबरला बोलवावे लागते. नेमका कोणता हेअर ट्रॅप घ्यावा?

उत्तर : तुम्ही आणलेली जाळी वाईट होती असे नाही, तिची निवड चुकीच्या कसोटीवर झाली. दुकानात गेल्यावर आपण सहज ‘जितकी बारीक तितकी चांगली’ असा हिशेब करतो. हा हिशेब चहाच्या गाळणीला लागू पडतो, केसांना पडत नाही, कारण केस चाळला जाऊन अडत नाही. माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही बारीक असतो. एक मिलिमीटरच्या छिद्रातूनसुद्धा तो टोकाकडून शिरला तर विनासायास आरपार जातो. तो अडतो तो त्याच्या लांबीमुळे : एक भाग या छिद्रात, दुसरा शेजारच्या छिद्रात आणि मधला भाग दोन छिद्रांमधल्या पट्टीवर आडवा. पाणी दोन्ही बाजूंनी खाली खेचते आणि केस पट्टीवर खोगिरासारखा बसतो. त्याच्यावर पुढचा केस अडकतो, मग त्यापुढचा. म्हणजे लांब केस अडवणे हे आखूड केस अडवण्यापेक्षा सोपे काम आहे आणि त्यासाठी बारीक जाळीची गरजच नाही. तीन ते पाच मिलिमीटरची गोल, एकमेकांजवळ असलेली छिद्रे त्याला पुरेशी होतात. सहा-सात मिलिमीटरच्या पुढे गेलात, तर केसाचा वेटोळा झालेला पुंजका अख्खाच एका छिद्रातून खाली उतरू लागतो. लांबट खाचांची जाळी दिसायला देखणी असते, पण केस खाचेच्या दिशेने वळला की त्याला अडवायला आडवी पट्टीच उरत नाही. म्हणून केसांसाठी मी ती घेत नाही.

बारीक जाळीचे खरे दुखणे पाण्याच्या वाटेत आहे, आणि ते एकदा नीट समजले की पुढची निवड बरीचशी आपोआप होते. मोरीत पाणी उतरते ते छिद्रांच्या एकूण मोकळ्या क्षेत्रफळातून. हे क्षेत्रफळ कमी झाले, की तेवढेच पाणी खाली ढकलण्यासाठी जाळीवर पाण्याचा जास्त उंच थर साचावा लागतो. इथे एक गंमत आहे : थराची उंची क्षेत्रफळाच्या नुसत्या व्यस्त प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. निम्मी छिद्रे बुजली, की पाणी दुप्पट नव्हे तर चौपट चढते. पाऊण छिद्रे बुजली, की सोळापट. म्हणूनच ‘कालपर्यंत व्यवस्थित जात होते, आज एकदम तुंबले’ अशी तक्रार इतक्या वेळा ऐकू येते. तुंबणे हळूहळूच होत होते. ते दिसू लागले मात्र एकदम.

यात आकडे घालून पाहू. बादली आणि घड्याळ घेऊन तुमच्या शॉवरचे पाणी मोजा. दहा लिटरची बादली ५५ सेकंदांत भरली, तर प्रवाह मिनिटाला साधारण ११ लिटर झाला. घरगुती शॉवरमध्ये हे प्रमाण नेहमीचे आहे. आता चार मिलिमीटर व्यासाची १२८ छिद्रे असलेली एक ताटली, म्हणजे सपाट हेअर ट्रॅप, घ्या. तिचे मोकळे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस सेंटिमीटर भरते. स्वच्छ असताना हे ११ लिटर पाणी तिच्यावर दोनेक मिलिमीटरचा थर धरून निघून जाते. निम्मी छिद्रे केसांनी झाकली, की थर सात मिलिमीटरचा होतो, जो अजून सोसण्यासारखा आहे. पाऊण छिद्रे झाकली, की तोच थर २९ मिलिमीटरवर जातो आणि पाणी फरशीवर पसरते. याच जागी तुम्ही मोकळे क्षेत्रफळ मुळातच सात-आठ चौरस सेंटिमीटर असलेली बारीक जाळी बसवली असेल, तर ती कोरी असतानाच वरच्या ताटलीच्या निम्म्या बुजलेल्या अवस्थेत असते. वर तिच्या बारीक छिद्रांवर साबणाचा साका आधी बसतो. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन जो पांढरट, चिकट, पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो, तो एक मिलिमीटरचे छिद्र काही दिवसांत बुजवतो. चार मिलिमीटरच्या छिद्राला त्याच कामासाठी बराच काळ लागतो.

तेव्हा पहिली कसोटी अशी, की छिद्रे तीन ते पाच मिलिमीटरची असावीत आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ मिनिटाला ११ लिटरच्या शॉवरसाठी १५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास असावे. पावसासारखा मोठा शॉवर असेल आणि प्रवाह २० लिटरच्या घरात असेल, तर त्याच हिशेबाने हे क्षेत्रफळ २५ ते ३० पर्यंत न्यावे लागते. छिद्रे मोजणे हा वेडेपणा वाटेल, पण एका ओळीतली छिद्रे मोजून ओळींच्या संख्येने गुणायला अर्धे मिनिटही लागत नाही. चार मिलिमीटरच्या आठ छिद्रांचे मिळून एक चौरस सेंटिमीटर होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

दुसरी कसोटी यापेक्षा महत्त्वाची आहे, आणि बहुतेक हेअर ट्रॅप तिथेच फसतात : कडेची फट. समजा, तुमच्या मोरीच्या गळ्याचा, म्हणजे वरच्या जाळीखालच्या गोल तोंडाचा, आतला व्यास ९८ मिलिमीटर आहे आणि तुम्ही ९४ मिलिमीटरची ताटली आणलीत. सगळीकडून दोन मिलिमीटरची फट राहिली, जी नजरेला नगण्य वाटते. पण ती पूर्ण वर्तुळभर आहे, आणि तिचे क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे ताटलीच्या सगळ्या छिद्रांच्या एक-तृतीयांशाहून जास्त वाट तुम्ही कडेने उघडी ठेवली. ताटली कोरी असताना बरेच पाणी छिद्रांतून जाते. पण केस साचून छिद्रे झाकली जाऊ लागली, की पाणी कडेच्या मोकळ्या वाटेने वळते आणि येणारे नवे केस सोबत घेऊन जाते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला ताटलीवर केस दिसतात, ट्रॅप काम करतो आहे असे वाटते, आणि खाली गुंतवळ वाढतच राहते. म्हणून एक तर ताटलीचा व्यास गळ्यापेक्षा मिलिमीटरभरच कमी असावा, किंवा तिला सिलिकॉनचा लवचीक ओठ असावा, जो गळ्याला सगळीकडून टेकतो. दोन्ही पर्याय समोर असतील, तर मी ओठ असलेला घेतो, कारण सिमेंटमध्ये बसवलेले गळे क्वचितच अगदी गोल राहतात.

हे सगळे कळण्यासाठी खरेदीपूर्वी वरची जाळी उचलून खाली पाहावे लागते. हे काम खरेदीनंतर करणारेच जास्त भेटतात. टॉर्च धरून आधी हे बघा, की गळ्यात एक उलटी वाटी बसवलेली आहे का. काही मोऱ्यांमध्ये गळ्याच्या मधोमध उभी नळी असते, तिच्याभोवती पाणी साचलेले असते आणि त्या नळीवर एक वाटी पालथी ठेवलेली असते. वाटीची कड पाण्यात बुडालेली असते. प्लंबर तिला नुसते ‘कप’ म्हणतात. पाणी वाटीच्या कडेखालून जाऊन नळीत वरून पडते, आणि कड पाण्यात बुडालेली असल्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. हेच वॉटर सील. दुसऱ्या प्रकारात अशी सुटी वाटी नसते. गळ्याच्या तळाशी, वीतभर खाली, वळलेल्या नळीत स्थिर पाणी चमकताना दिसते. त्या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर असते आणि तेच तिथले सील.

तुमच्याकडे दुसरा प्रकार असेल, तर काम सोपे आहे. जाळीखाली भरपूर जागा असल्यामुळे तिथे टोपलीच्या आकाराचा ट्रॅप बसतो, आणि माझ्या मते लांब केसांसाठी याहून चांगले साधन नाही. टोपलीचा फायदा तिच्या भिंतींत आहे. केसांचा थर आधी तळावर साचतो, पण तळ झाकला गेला तरी भिंतीतली छिद्रे उघडी असतात आणि पाणी त्यांतून जात राहते. सपाट ताटलीला ही सवलत नाही. ४० मिलिमीटर खोल टोपली चार-पाच न्हाणी सहज पेलते, ताटलीला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या न्हाण्यालाच हात लावावा लागतो. एकच पाहायचे, की टोपलीचा तळ पाण्याच्या पातळीच्या निदान बोटभर वर राहील. तळ पाण्यात बुडाला, तर केस कधीच सुकत नाहीत, त्यांच्यावर बुळबुळीत शेवाळी थर चढतो आणि टोपली बाहेर काढायची कोणाची इच्छा होत नाही.

पहिला प्रकार, म्हणजे वाटीची मोरी असेल, तर सावध राहा. केस नेमके त्या वाटीच्या कडेला आणि आतल्या नळीच्या तोंडाला अडकतात. तुंबण्याची जागा तीच. त्यामुळे ‘ही वाटीच काढून टाकू, पाणी धो-धो जाईल’ असा मोह होतो आणि पाणी खरोखरच धो-धो जाते. मी पाहिलेले एक बाथरूम याच वाटेने गेले होते. घरात तिघींचे केस लांब, मोरी दर तीन आठवड्यांनी तुंबणारी. आधी आलेल्या कारागिराने वाटी काढून फेकली आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत ४० मिलिमीटरची स्टीलची टोपली बसवली. तुंबणे थांबले. पण पंधरा दिवसांत बाथरूममध्ये वास येऊ लागला, रात्री झुरळे निघू लागली, आणि घरच्यांनी त्याचा संबंध टोपलीशी जोडला. दोष टोपलीचा नव्हता. वाटी गेल्यामुळे गटार आणि बाथरूम यांच्यामध्ये काहीच उरले नव्हते. टोपलीच्या छिद्रांनी हवा अडत नाही.

तिथे मी आधी त्याच मापाची नवी वाटी बसवली आणि मग जाळी व वाटीचा माथा यांच्यातली मोकळी जागा मोजली. पट्टी तिथे नीट उभी राहत नाही, म्हणून मी वाटीच्या माथ्यावर ओल्या चिकणमातीचा गोळा ठेवतो, जाळी पूर्ण बसवतो, पुन्हा उचलतो आणि चेपलेल्या गोळ्याची जाडी मोजतो. ती भरली २२ मिलिमीटर. ४० ची टोपली तिथे बसणे शक्यच नव्हते, आणि आधीच्या माणसाने वाटी का काढली हेही त्यातून कळले. गळ्याचा व्यास एका दिशेने ९८, तर काटकोनात ९६ मिलिमीटर. पुठ्ठ्याची ९५ मिलिमीटरची चकती कापून ती आत सहज उतरते का हे पाहिले, आणि मग १५ मिलिमीटर खोल, चार मिलिमीटरच्या छिद्रांची, सिलिकॉनचा ओठ असलेली ताटली घेतली. तिच्याखाली सात मिलिमीटर जागा उरली, जी पाणी वाटीभोवती पसरायला पुरली. ही ताटली टोपलीइतके केस साठवू शकत नव्हती, आणि ते मी घरच्यांना आधीच सांगितले : केस धुतल्यावर दर वेळी ती उचलायची, पुढच्या खेपेवर टाकायचे नाही. महिन्याने वाटी उचलून पाहिली, तेव्हा खाली बोटभर जाडीचा पुंजकाही नव्हता; सात-आठ सुटे केस आणि साबणाचा साका एवढेच.

केस धुतल्यावर दर वेळी उचलणे अति वाटत असेल, तर हा अंदाज पाहा. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे निरोगी माणसाच्या बाबतीत नेहमीचे आहे, आणि केस दोन-तीन दिवसांआड धुतले, तर मधल्या दिवसांचे सैल झालेले केसही त्याच दिवशी पाण्याबरोबर येतात. ८० केस धरले आणि प्रत्येक ६० सेंटिमीटर लांब मानला, तर एका न्हाण्यात ४८ मीटर धागा मोरीकडे जातो. दोघींचा मिळून हा धागा शंभर मीटरच्या जवळ पोहोचतो.

बाजारातल्या इतर प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. जाळीवर नुसते अंथरण्याचे सिलिकॉनचे पातळ आवरण स्वस्त आणि साफ करायला सोपे असते, पण ते पायाने सरकते आणि फरशी किंचितही असमान असली, की पाणी त्याच्या कडेखालून केसांसह जाते. घर भाड्याचे असेल किंवा जाळी उचलताच येत नसेल, तरच ते घ्यावे. चिकटवून फेकून देण्याच्या जाळ्या ओल्या फरशीला नीट चिकटत नाहीत. छत्रीसारखा माथा आणि खाली दांडा असलेला ट्रॅप, ज्याच्या दांड्याभोवती केस गुंडाळले जातात, तो ४० ते ५० मिलिमीटरच्या गोल निचरा-तोंडासाठी, म्हणजे मुख्यतः टबासाठी बनवलेला असतो आणि तिथे तो उत्तम चालतो. फरशीच्या शंभर मिलिमीटरच्या गळ्यात तो टाकला, तर केस त्याला वळसा घालून जातात. नळीत सोडायच्या काटेरी पट्ट्या आणि साखळ्या केस धरतात खऱ्या, पण सीलच्या खाली, नजरेआड धरतात. विसरलेली पट्टी हेच नव्या बोळ्याचे बीज ठरते. ती तुंबलेले काढायला वापरावी, आत ठेवू नये.

वास अडवण्यासाठी मिळणाऱ्या एकदिशा झडपांचा इथे स्वतंत्र उल्लेख करतो, कारण त्या अनेकदा हेअर ट्रॅप म्हणूनच विकल्या जातात. मऊ सिलिकॉनचे दोन ओठ पाण्याच्या वजनाने उघडतात आणि एरवी मिटलेले राहतात. त्या ओठांत एखादाच केस आडवा अडकला, तरी ते पूर्ण मिटत नाहीत, आणि दहा-वीस अडकले, की धड वासही अडत नाही आणि पाणीही जात नाही. अशी झडप असेल, तर तिच्यावर केस अडवणारी टोपली हवीच.

धातूचा ट्रॅप घेताना छिद्रांच्या खालच्या बाजूने बोट फिरवून पाहा. कापताना राहिलेली धारदार कड असेल, तर केस तिथे असे चिकटतात, की पुसून निघत नाहीत, एकेक उपटावे लागतात; आणि साफ करायला त्रासदायक असलेला ट्रॅप कोणी साफ करत नाही. स्टेनलेस स्टील घ्यावे. वरून चकचकीत मुलामा दिलेला हलका धातू किंवा प्लास्टिक काही महिन्यांत सोलते आणि खरखरीत होते. उचलण्यासाठी छोटी मूठ किंवा बोट शिरेल असे भोक असेल तर उत्तम, नाहीतर दर वेळी चिमटा शोधावा लागतो.

नवा ट्रॅप बसवण्याआधी आतला जुना बोळा काढणे आवश्यक आहे, नाहीतर दोष नव्याच्या माथी जातो. जाळी आणि असेल तर वाटी काढून बादलीभर पाणी एकदम गळ्यात ओता. ते थांबता थांबता गेले किंवा वर चढले, तर अडथळा खालच्या नळीत आहे. हातमोजे घालून, टोकाला आकडा असलेल्या तारेने किंवा काटेरी पट्टीने तो ओढून काढा. ॲसिड ओतू नका : त्याने क्षार विरघळतात, पण पातळ ॲसिडाला केस दाद देत नाहीत, आणि फरशीच्या सांध्यांतले सिमेंट मात्र खाल्ले जाते. कॉस्टिक सोड्यासारखी तीव्र अल्कली केस विरघळवते, पण बोळा मोठा असला तर वरचा थर मऊ करून थांबते, आणि मग ते जळजळीत पाणी तसेच साचून राहते, ज्यात पुढे कोणाला तरी हात घालावा लागतो. ॲसिड आणि ब्लीच तर एकामागून एकही वापरू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रोजच्या सफाईबाबत एक बारीकसा अनुभव : केस ओले असताना ते हाताला चिकटतात आणि निसटून छिद्रांत जातात. न्हाऊन तासभर झाला, की गुंतवळ सुकून नमद्यासारखी सलग होते. तेव्हा कागदाचा तुकडा गोल फिरवला, की ती एकसंध उचलली जाते. ती कचऱ्यात टाकावी, कमोडमध्ये नव्हे. कंडिशनर वापरल्यावर केस निसरडे होतात आणि नेहमीपेक्षा थोडे जास्त खाली जातात, याला इलाज नाही. पंधरवड्यातून एकदा ट्रॅप गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून ब्रशने घासावा. पांढरा थर घट्ट असेल, तर स्टीलचा ट्रॅप वीसेक मिनिटे व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि धुवावा.

पहिल्या महिन्याच्या शेवटी जाळी उचलून तारेने खालचा भाग एकदा चाचपा. खाली मुठीत मावेल इतका पुंजका निघाला आणि तरीही ट्रॅपवर केस साचत असतील, तर छिद्रे बारीक करण्याच्या मागे न लागता आधी कड तपासा; दहातल्या आठ वेळा ओठ एखाद्या बाजूने दुमडलेला किंवा गळा अंडाकृती निघतो. खाली केस नाहीत, ट्रॅपही स्वच्छ आहे आणि तरी पाणी मोरीपासून दूर, कोपऱ्यात साचते आहे, तर तो फरशीच्या उताराचा प्रश्न आहे आणि कोणताही हेअर ट्रॅप तो सोडवणार नाही.